आणखी तीन सीसी

भूल देणाऱ्या डॉक्टरला कुणी नावाने ओळखत नाही. १९९६ साली मी डोंबिवली-कल्याणच्या सहा नर्सिंग होममध्ये बॅग घेऊन फिरायचे, आणि सगळीकडे मी नुसती ‘भूलवाल्या मॅडम’ होते.

त्या सकाळी टेबलावर दामाजी होते. खाडीकाठचे कोळी, वय बाहत्तर, हर्नियाचं ऑपरेशन. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला. कंबरेखालीच भूल द्यायची म्हणून सुई दोनदा घालून पाहिली, पण पाठ इतकी वाकलेली की मणक्यात शिरेना. पूर्ण झोपवणं भाग होतं.

बॅगेत तीन औषधं होती. केटामाइन रक्तदाब पडू देत नाही, पण नाडी पळवतं. दामाजींच्या हृदयाला ते झेपलं नसतं. शिवाय उठताना माणूस भलतंसलतं बघतो. थायोपेंटोन अर्ध्या मिनिटात झोपवतं, पण गुंगी दिवसभर रेंगाळते. तिसरं, दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल, तेव्हा नवीन होतं. झोपही झटपट, जागही स्वच्छ. मात्र तिन्हींत रक्तदाब सगळ्यात जास्त तेच पाडतं. सर्जनना प्रोपोफॉलच हवं होतं, म्हणजे संध्याकाळी खाट रिकामी. आमचे सर्जन म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी मान्य केलं. कमी द्यायचं आणि सावकाश द्यायचं, असं ठरवलं.

पाच सीसी हळूहळू दिलं. तरण्या माणसाचे डोळे अर्ध्या मिनिटात मिटतात. दामाजी मात्र मिनिट झालं तरी सिस्टर शालूला जाळी विणायची कशी ते सांगत होते. थकलेलं हृदय रक्त हळू ढकलतं, त्यामुळे औषध मेंदूपर्यंत उशिरा पोचतं. अशा वेळी नुसतं थांबायचं असतं. हे मी पूर्वी कॉलेजात विद्यार्थ्यांना शिकवलेलं होतं.

“झालं का, मॅडम?” सर्जन म्हणाले.

मी आणखी तीन सीसी दिलं.

मग पहिलंही पोचलं आणि दुसरंही. दामाजी वाक्याच्या मध्येच थांबले. श्वास थांबला, तो मी नळी घालून चालू ठेवला. रक्तदाब साठ झाला, मग मोजताही येईना. ॲड्रेनलिन दिलं, चाळीस मिनिटं छाती दाबली. शालू रडत होती. मला काहीच वाटत नव्हतं. हातांना मुंग्या आल्या होत्या, तेवढंच कळत होतं.

सर्जननी कागदावर ‘हृदयक्रिया बंद’ लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. मी खाली सही केली.

बाहेर बाकावर त्यांची बायको मंजुळा बसली होती. सर्जननी तिला सांगितलं, हृदय आधीच कमजोर होतं. ती त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती. तिने एवढंच विचारलं, “त्याला दुखलं नाय ना?”

सांगायचं असेल तर आत्ताच, हे मला कळत होतं.

“नाही,” मी म्हणाले. “झोपेतच गेले.”

तिने माझे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले आणि म्हणाली, “देव तुमचं भलं करो, बाय.” मी हात सोडवून घेतले नाहीत.