बंद न पडलेली गाडी

माझी गाडी कधी बंद पडली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. अकरा वर्षं मी पोलीस ठाण्याची तीच एक गाडी चालवतोय. ठाण्यातले सगळे तिला म्हातारी म्हणतात. म्हणू देत. म्हातारी असेल, पण आजारी नाही. रोज सकाळी पाणी, तेल, टायरची हवा बघितल्याशिवाय मी चहाला तोंड लावत नाही. बायको म्हणते, एवढी माझी विचारपूस केली असतीत तर मी अजून वीस वर्षांची दिसले असते.

मंगळवारी सकाळी आम्ही त्या लिफ्टवाल्याला उचलला. तिशीचा असेल, किडकिडीत, हाताला ग्रीसचा वास. एका इमारतीत लिफ्ट दुरुस्त करत होता. चौथ्या मजल्यावरच्या बाईंकडे पाणी प्यायला गेला आणि तो गेल्यावर बाईंच्या दोन बांगड्या दिसेनाशा झाल्या. फोन आला, मोठे साहेब स्वतः निघाले. मोठे साहेब म्हणजे आमच्या ठाण्याचे प्रमुख. वॉरंट नव्हतं, चोरीच्या गुन्ह्यात ते लागतंच असं नाही. त्याच्या पिशवीत पाने, पक्कड आणि डबा निघाला. बांगड्या नाहीत.

बाकी सगळं साहेबांनी रीतसर केलं, खोटं कशाला बोलू? कशासाठी धरलंय ते त्याला सांगितलं, लिहूनही दिलं. पंचनाम्यावर त्याच्या फोरमनची साक्षीदार म्हणून सही घेतली. अटकेची वेळ घातली सव्वानऊ. बायकोला फोन करू दिला, डॉक्टरकडे तपासून आणला, अंगावरच्या वस्तूंची यादी करून घड्याळ, पट्टा, पाकीट जमा केलं. मारहाण तर अजिबात नाही.

दुपारी त्याची बायको आली. बाकावर न बसता उभीच राहिली. मी पुसायचं फडकं पिळत होतो, तर मलाच म्हणाली, "भाऊ, ह्यांना कामावर लागून दोनच महिने झालेत. कंपनीनं सांगितलंय, उद्या संध्याकाळपर्यंत हजर झाले नाहीत तर दुसरा माणूस घेणार. उद्यापर्यंत सुटतील ना?"

मी काय सांगणार? मी ड्रायव्हर. म्हटलं, "उद्या सकाळी कोर्टात नेतील, मग तिथं काय ते." साहेब सात दिवसांची कोठडी मागणार आहेत हे मला ठाऊक होतं. ते मी गिळलं.

संध्याकाळी घरी चहा घेत होतो. आमची धाकटी कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करते. पर्यायवाले प्रश्न असतात त्या परीक्षेत, आणि सरावाला बकरा मीच. म्हणाली, "बाबा, सोपा आहे. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं हजर करायचं. हे चोवीस तास कधीपासून मोजायचे? अ, ठाण्यात पोचल्यापासून. ब, अटक केल्यापासून, कोर्टापर्यंतच्या प्रवासाला लागणारा वेळ सोडून. क, कोर्ट उघडल्यापासून. ड, चौकशी संपल्यापासून."

"ड," मी म्हणालो.

"अहो बाबा! तीस वर्षं नोकरी केलीत ना तुम्ही?"

"मी गाडी चालवली, बाई. मागं कोण बसलंय ते मी बघत नाही."

ती पोट धरून हसली. उत्तर ब होतं. कोर्ट बंद असलं तरी सुटका नाही, म्हणाली, मॅजिस्ट्रेटच्या घरी न्यायचं, पण न्यायचंच. मी बिस्किट चहात बुडवलं आणि विषय संपला असं मला वाटलं.

बुधवारी सात वाजता मी गाडी तयार करून उभा होतो. कोर्ट चाळीस किलोमीटरवर, म्हातारीला बरोबर एक तास लागतो. आठ वाजले, नऊ वाजले, साहेब हलेनात. बांगड्यांची बाई जबाबावर सही करायला येणार होती आणि तोवर पोरगा कबूल होईल अशी त्यांना आशा. सव्वानऊ झाले तेव्हा मला एकदम चहातलं बिस्किट आठवलं. मी आत जाऊन म्हटलं, "साहेब, निघायचं ना?"

"तुझी गाडी पळून चाललीय का?" साहेब म्हणाले.

बाई अकरानंतर आली. पोरगा कबूल झालाच नाही. शेवटी पावणेबाराला साहेब धावत बाहेर आले आणि माझ्या खिडकीशी वाकले. "लॉगबुकात निघायची वेळ आत्ता घालू नकोस. मोकळी सोड."

मी सोडली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. चावी फिरवायच्या आधी वेळ आणि किलोमीटर लिहायचे हा माझा नेम. त्या मोकळ्या चौकोनाकडे बघून मला कसंतरीच झालं, पण नोकरीला आठ महिने उरलेत, उगाच साहेबांच्या तोंडाला कोण लागेल? तोंडात मूग धरून बसलो.

साहेब पुढं आपल्या जीपमधून गेले. माझ्या गाडीत मागं लिफ्टवाला आणि सोबत एक शिपाई, तो बसल्याबसल्या पेंगायला लागलेला. फाटकातून बाहेर पडलो तसा जाळीमागून आवाज आला.

"काका, वाजले किती?"

त्याचं घड्याळ जमा होतं. माझ्यासमोरचं घड्याळ मी दर सोमवारी लावतो, मिनिटाचा फरक नाही. कुणी वेळ विचारली की मला बरं वाटतं. "पावणेबारा," मी म्हणालो.

आरशात बघितलं तर तो बोटं मोजत होता.

पाऊण वाजता कोर्टाच्या आवारात पोचलो. त्याची बायको झाडाखाली उभी होती, शेजारी काळ्या कोटातली एक तरुण वकीलबाई. ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकार फुकट देतं, त्यातली. ती लगेच जाळीपाशी येऊन त्याच्याशी बोलायला लागली. शिपायानं अडवलं नाही, अडवताही आलं नसतं.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "हे बघ. निघालो पावणेनऊला. पुलापाशी गाडी बंद पडली, तीन तास गेले. ठाण्याच्या डायरीत तसंच घालायला सांगितलंय. तू लॉगबुकात लिही. प्रवासाचा वेळ धरत नाहीत, म्हणजे सगळं बसतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं सांगतो, पहिल्यांदा मला त्या पोराचा विचारच आला नाही. माझी गाडी बंद पडली? पुलापाशी? तीन तास? अहो, तीन तासांत मी इंजिन उतरवून परत बसवीन!

"साहेब, काय बिघडलं म्हणून लिहू?"

"काहीही लिही रे! म्हातारी गाडी आहे, कोण विचारतंय?"

"आणि नाही लिहिलं तर?"

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आठ महिने राहिलेत ना तुझे? चाकावर काढायचेत का टेबलावर?"

मी पेन काढलं. वही उघडली. चौकोन मोकळाच होता. तेवढ्यात आमचा पुकारा झाला आणि साहेब आत गेले. जाताना म्हणाले, "लिहून ये."

कोर्टाची खोली लहान, पंखा कुरकुरणारा. मॅजिस्ट्रेटबाई पन्नाशीच्या, चष्मा नाकावर. मी वही घेऊन दाराशी उभा राहिलो. बाईंनी आधी लिफ्टवाल्याला विचारलं, मारहाण झाली का, का धरलंय ते सांगितलं का, घरी कळवलं का. तो खरं बोलला. मारलं नाही, सांगितलं, कळवलं. साहेबांची मान ताठ झाली.

मग बाईंनी कागद बघितला. "अटक काल सव्वानऊ. आत्ता एक वाजतोय. उशीर का?"

"पावणेनऊला निघालो होतो, मॅडम. वाटेत गाडी बंद पडली."

वकीलबाई काही बोलणार, तोवर लिफ्टवाल्यानंच हात वर केला. शाळेतल्यासारखा. "बाई, आम्ही पावणेबाराला निघालो. मी ड्रायव्हरकाकांना विचारलं होतं. त्यांनीच सांगितलं."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "ड्रायव्हर कुठं आहेत?"

इकडे आड, तिकडे विहीर. पुढं गेलो. बाईंनी वही मागितली, पान उलटलं. "रोजची नोंद आहे. आजची वेळ नाही. का?"

साहेब माझ्याकडे बघत होते. लिफ्टवाल्याची बायको मागच्या बाकापाशी उभी होती, इथंही बसली नव्हती. काल मी तिच्यापाशी जे गिळलं होतं ते घशाशी आलं. गाडीची अब्रू, ती तर होतीच. पण ह्या पोरानं मला वेळ विचारली होती आणि मी सांगितली होती. आता तीच वेळ खोटी कशी म्हणू?

"साहेबांनी मोकळी ठेवायला सांगितली," मी म्हणालो. "निघालो पावणेबाराला. गाडी बंद पडली नाही, मॅडम. अकरा वर्षांत कधीच पडलेली नाही. मागची पानं बघा."

बाईंनी खरंच चार पानं बघितली. मग साहेबांना म्हणाल्या, "अशा गुन्ह्यात नोटीस देऊन बोलावता आलं असतं, अटकच का केली, याचंही कारण मला ह्या कागदात दिसत नाही. पण ते राहू द्या. प्रवासाचा एक तास सोडला तरी अडीच तास जास्त होतात. सव्वानऊनंतर तुम्ही ह्याला ठाण्यात बसवून ठेवलंत ते कुठल्या अधिकारानं?"

बाईंनी कोठडी नाकारली आणि त्याला तिथल्या तिथं सोडायला सांगितलं. गुन्ह्याचा तपास चालू राहील, बोलावलं की ह्यानं हजर राहायचं. खोट्या नोंदीबद्दल वर कळवते म्हणाल्या.

बाहेर त्याला त्याचं घड्याळ परत मिळालं. त्यानं ते माझ्या गाडीतल्या घड्याळाशी लावून घेतलं. बायको म्हणाली, "चला हो, दोनची बस मिळेल, पाचपर्यंत कामावर पोचाल." मला तिनं हात जोडले. मला एकदम रडूच आलं, म्हणून मी बॉनेट उघडून उगाच तेल बघितलं.

ठाण्यात परत आलो तर टेबलावर हुकूम तयार. उद्यापासून मी टपाल विभागात, गाडी आजच नव्या ड्रायव्हरकडे. मला वाईट वाटलं. फार वाटलं. पण गाडी ताब्यात देताना लॉगबुकात तिची स्थिती लिहावी लागते आणि खाली ठाणेप्रमुखांची सही लागते, हा नियम आहे. सहीशिवाय नवा ड्रायव्हर चावीला हात लावत नाही.

मी आधी सकाळचा चौकोन भरला, ११.४५. मग खाली सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: "गाडी उत्तम स्थितीत. गेल्या अकरा वर्षांत, आजचा दिवस धरून, एकदाही बंद पडलेली नाही." आणि वही साहेबांपुढं ठेवली.

साहेबांनी वाचलं. परत वाचलं. बाहेर नवा ड्रायव्हर वाट बघत होता, आणि पाच वाजता गाडी दुसऱ्या कामाला जायची होती.

"पेन आहे का?" साहेब म्हणाले.

मी माझं दिलं. त्यांनी सही केली.