फोटोवर लावलेली पट्टी

सातारच्या आमच्या ऑफिसात मी तेव्हा ज्युनिअर इंजिनिअर होतो. दिसेल त्या कागदावर मोजपट्टी लावायची मला सवय होती. त्या सवयीचा मला अभिमानही होता, हे आधीच कबूल करतो.

शिराळ्याकडे वारणेकाठच्या एका पाणीपुरवठा सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब एका गुरुवारी आले. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला माणूस. पंपघरात नवं इंजिन उतरवायचं होतं. ते छताखालच्या जुन्या लोखंडी गर्डरला चेनपुली टांगून उचलायचं, एवढीच त्यांची योजना होती. गर्डरला ते पेलेल का, हे मी सांगायचं होतं.

"सायेब, तुमी कशाला धक्के खात येताय? फोटोच काढून आणलाय," म्हणाले.

फोटो स्टुडिओवाल्याने काढलेला, अगदी स्वच्छ. गर्डर भिंतीपासून भिंतीपर्यंत सहा मीटर, हे त्यांनी मोजून आणलं होतं. गर्डरवर छताच्या कड्या आडव्या टेकलेल्या आणि पोटाला एक हूक बांधलेला. मी पट्टी लावली. फोटोत गर्डर बारा सेंटिमीटर, हूक डाव्या टोकापासून आठवर. म्हणजे डाव्या भिंतीपासून चार मीटर, उजवीपासून दोन.

मग मी दोन आकृत्या काढल्या. छताचा भार मीटरला चारशे किलो, सगळीकडे सारखा. इंजिन पुलीसकट बाराशे किलो, एका ठिकाणी. उजव्या भिंतीवर दोन हजार किलो येतात, डावीवर सोळाशे. शिअरची, म्हणजे गर्डर आडवा कापू पाहणाऱ्या जोराची, रेघ डावीकडून सोळाशेवरून तिरकी उतरत हुकापाशी बरोबर शून्यावर आली, तिथे बाराशेची उभी उडी घेऊन खाली गेली आणि उजव्या भिंतीशी दोन हजारांवर थांबली. शून्य ओलांडलं तिथेच बेंडिंग मोमेंट सर्वांत जास्त, म्हणजे गर्डरला वाकवणारा जोर तिथे सर्वांत जास्त. तो मोमेंट आला बत्तीसशे, किलो गुणिले मीटर या मापात. गंज लक्षात घेऊन त्या गर्डरला मी तेहेतीसशेची मर्यादा ठरवली होती. बसलं! 'हूक आहे तिथेच ठेवून काम करावे' असं लिहून मी झोकात सही ठोकली. आप्पासाहेब कागद घेऊन दुपारच्या एसटीने परत गेले. इंजिन शुक्रवारी उचलायचं होतं.

संध्याकाळी फाईल लावताना फोटो पुन्हा हातात आला, आणि मी उगाच कड्या मोजल्या. हुकाच्या डावीकडे पाच. उजवीकडेही पाच. सहावी बरोबर हुकाच्या डोक्यावर.

 कड्या सारख्या अंतरावर बसवतात. फोटोवाला डाव्या दारात उभा राहिला होता, म्हणून जवळच्या कड्या लांब-लांब दिसत होत्या आणि पलीकडच्या दाटीने. हूक मधोमध होता. फोटो म्हणजे नकाशा नव्हे, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. नव्याने मांडलं, तर दोन्ही भिंतींवर अठराशे आणि मध्यावर मोमेंट छत्तीसशे. गर्डर तडकन मोडलाच असता असं मी म्हणत नाही. पण मर्यादेच्या तीनशे वर गेलो होतो, शिवाय उचलताना बसणारे हिसके, आणि खाली माणसं.

गावात फोन नव्हता. पहाटेची पहिली गाडी धरली. शेवटचे तीन मैल चाललो म्हणण्यापेक्षा पळालो. पोचलो तेव्हा इंजिनाला साखळी बांधून झाली होती. सोसायटीचा गुंडा मिस्त्री इंजिनावर हात ठेवून उभा होता, सांभाळून न्यायला.

"थांबा! उचलू नका!" मी दारातूनच ओरडलो.

"का वो?" आप्पासाहेबांनी खिशातून कागद काढला. "सही तुमचीच हाय न्हवं?"

"सही माझी आणि चूकही माझीच. हूक मधोमध आहे. मी धरलाय भिंतीपासून दोन मीटरवर."

 मी टेप मागितला आणि उजव्या भिंतीपासून दोन मीटर स्वतः मोजले. तिथे हूक बांधला, तर गर्डरला तेवढंच वाकावं लागणार होतं जेवढं माझ्या कागदावर होतं. शिडी लावून गुंडाने हूक सोडला आणि खुणेवर बांधला. अर्ध्या तासात इंजिन उचललं गेलं, लाकडी रुळांवर टेकलं, आणि माणसं जागेवर ढकलू लागली. गर्डर कुरकुरलासुद्धा नाही.

मी गुंडाला म्हणालो, "मिस्त्री, तुमचा खोळंबा केला."

"त्येचं काय न्हाई सायेब," कपाळ पुसत तो म्हणाला. "काल मीच म्हनत हुतो, मधी लय जोर यील, भित्तीकडं सरकवून बांधू. तर आप्पासायेब तुमचा कागद घिऊन आलं. त्यात हुतं, हाय तितंच ठिवा. मग म्हनलं, सायेब शिकल्यालं हायती."

तो रागाने बोलला नव्हता. म्हणूनच मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.