आभारातलं शेवटचं नाव

स्नेहसंमेलनात आभाराचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. कारण सोपं आहे. आमची शाळा दोनशिक्षकी. प्रास्ताविक नाथाजी सर करतात, ते मुख्याध्यापक. उरलं ते माझं. आणि आभार कुणी ऐकत नाही, त्यामुळे त्यात नाव मोठं करायलाही कुणाला जागा नसते.

यंदा मात्र मला ते ऐकवायचं होतं. सुलाबाईंसाठी.

बावीस वर्षं सुलाबाई शाळेत खिचडी शिजवत होत्या. यंदा पट चोवीसवर आला. पंचविसाच्या आत एकच स्वयंपाकी चालतो, म्हणून दोघींतल्या थोरल्या सुलाबाईंना शाळा समितीने महिनाअखेरीपासून थांबायला सांगितलं. त्या नोकरीत नव्हत्याच, मानधनावर होत्या. त्यामुळे निवृत्ती नाही, निरोप समारंभ नाही, शाल नाही. मला संताप आला, पण माझ्या संतापाला विचारतो कोण? मी सरांना म्हटलं, निदान आभारात नाव घेऊ.

"घ्या की," सर म्हणाले. "पण थोडक्यात. आणि कुणाला कमी, कुणाला जास्त नको. गेल्या वर्षी मंडपवाल्याचं राहिलं, अजून बोलत नाही माझ्याशी."

मी सगळ्यांना सारखं मापलं. अकरा नावं, प्रत्येकाला एक वाक्य. सरपंच धैर्यशील, प्रमुख पाहुणे, समिती, पालक, मंडपवाले, स्पीकरवाला ज्ञानू. सुलाबाईंचं नाव मुद्दाम शेवटी ठेवलं. शेवटचं नाव लोकांच्या कानात राहतं, असं मला वाटलं. तेवढी अक्कल पाजळली मी.

आदल्या दिवशी सुलाबाईंना सांगितलं, तर त्या हातातली पळी तशीच धरून उभ्या राहिल्या.

"बाई, म्हंजी माईकवर?"

"माईकवर."

"मग मी चुलीपाशी न्हाई बसणार उद्या. खुर्चीवर बसते."

त्यांनी अख्ख्या आळीला सांगितलं. स्नेहसंमेलनाच्या दिवशी हिरवं इरकली लुगडं नेसून त्या तिसऱ्या रांगेत बसल्या. शेजारी आळीतल्या बनाबाई. मुलांची नाचगाणी झाली, बक्षिसं झाली, पाहुण्यांचं भाषण लांबलं. दुपारचा दीड वाजला. मी माईकजवळ गेले, तेव्हा ज्ञानूने हळूच विचारलं, "बाई, राष्ट्रगीत कवा लावू?"

"आभार संपले की."

"म्हंजी 'शेवटी' म्हटल्यावर. दरसालासारखं."

मी मान हलवली. डोक्यात अकरा नावं होती, त्याचं बोलणं कुठं शिरतंय?

मी बोलू लागले आणि दरवर्षीप्रमाणे लोक उठायला लागले. आयांनी पोरं गोळा केली, पुरुषमंडळी चपला शोधू लागली. बनाबाईही कडेला गेल्या, नातवाला हाक मारत. सुलाबाई मात्र पदर सारखा करून ताठ बसल्या होत्या. दहा नावं झाली. प्रत्येकाला टाळ्या वाजवायला त्या एकट्याच उरल्या होत्या.

"आणि सर्वांत शेवटी..." मी म्हणाले.

स्पीकरमधून राष्ट्रगीत सुरू झालं.

जो जिथं होता तिथं ताठ उभा राहिला. मीही राहिले. कागदावर माझ्यासमोर लिहिलेलं होतं: बावीस वर्षं आपल्या मुलांना गरम जेवण वाढणाऱ्या सुलाबाई यांचे आभार. एवढंच, एका दमात होणारं. सुलाबाई हात सरळ सोडून उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, संपलं की म्हणेन. पण राष्ट्रगीतानंतर कुणी बोलत नाही, हा नियम मीच पोरांना शिकवते. 'भारत माता की जय' झालं, पोरं खाऊकडे धावली, ज्ञानूने माईकची वायर काढली. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी पाहुण्यांच्या गाडीकडे हात दाखवला.

मी ओरडून म्हणू शकले असते. वर्गात माझा आवाज चावडीपर्यंत जातो. पाहुण्यांसमोर बरं दिसणार नाही म्हणून गप्प बसले. ज्ञानूला कशाला बोल लावू?

पाहुणे गेल्यावर मी सुलाबाईंना शोधत मागे गेले. स्वयंपाकाच्या शेडमध्ये इरकलीचा पदर खोचून त्या पातेली घासत होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिले. तेवढ्यात बनाबाई नातवाला घेऊन आल्या.

"व्हय गं सुले, घेतलं का तुझं नाव? मी पोराला बघाय गेले, मला काय ऐकू आलं न्हाई."

सुलाबाईंनी पातेलं उपडं घातलं.

"घेतलं की. लय चांगलं बोलल्या बाई. बावीस वर्सं म्हणून सांगितलं समद्यांना." आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "व्हय न्हवं, बाई?"

मी म्हणाले, "हो."