काचेखालचे तीन खडे

त्रिपुरी पौर्णिमेची तिन्हीसांज होती. वाऱ्यावर ऊस झोपेत बोलल्यासारखा सळसळत होता. ऊसतोडीला पहिल्यांदाच आलेल्या ज्योतीनं पाचटाच्या राहत्या कोपीच्या आडोशाला सपाट फरशीवर पणती लावली आणि तिच्याभोवती कंदिलाची काच उभी केली. ज्योत जराही हलली नाही. नुसती बारीक होत विझली.

"वारं तर लागलंच न्हाई," ज्योती म्हणाली.

"कोंडली तू तिला. खालून थोडं वारं लागतं," म्हणत सासूनं, रंगुबाईनं, पणती पुन्हा पेटवली आणि काचेखाली तीन सारखे खडे सरकवले.

आता ज्योत संथ, उंच उभी राहिली. रंगुबाई कितीतरी वेळ तिच्याकडं बघत राहिली. मग लग्नापासून स्वतःकडं ठेवलेला सुनेचा मोबाईल तिनं पिशवीतून काढला.

"आईला फोन लाव," ती म्हणाली, "अन् लांब जाऊन बोल."