मिठागरावर सगळेच उतरले

ताईने कानाला हेडफोन लावले होते, पण त्यात काहीच वाजत नव्हतं. धाकट्या भावाचा आवाज कानावर पडू नये, एवढाच त्यांचा उपयोग.

भावाला घरात सगळे खारू म्हणत. लहानपणी खिशात शेंगदाणे कोंबून फिरायचा, तेव्हापासूनचं नाव. आत्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर या बहीणभावाने गेम बनवण्याचं छोटंसं ऑफिस थाटलं होतं. गेम साधा होता: साठ खेळाडू विमानातून एका बेटावर उड्या टाकतात, घराघरांत पडलेल्या बंदुका, चिलखतं, औषधं गोळा करतात, आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. कोणती वस्तू कुठे सापडावी, हे ताई ठरवायची. बेटावर जे सुरक्षित वर्तुळ आखलं जातं आणि टप्प्याटप्प्याने लहान होत जातं, ते खारूचं. वर्तुळाबाहेर राहिलं की जीव गळायला लागतो, आणि जितका पुढचा टप्पा तितका जास्त भराभर.

भांडण झालं ते बेटाच्या ईशान्येच्या मिठागरावरून. ताईने ते फार जीव लावून बनवलं होतं. पांढरे ढीग, गंजलेली गाडी, मोडकी गोदामं. पण तिथे कुणी उतरतच नव्हतं. गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या मॅडमनी मीटिंगमध्ये विचारलं, "हा कोपरा कापून टाकायचा का?" तर खारू पटकन बोलून गेला, "तिथे लूटच भिकार आहे, कोण जाणार?" ताई उसळली. "तुझं वर्तुळ कधी तिकडे फिरकतं का? बिचारे पळता पळता मरतात!" मॅडमसमोर दोघांनी एकमेकांची अब्रू काढली. मॅडम एवढंच म्हणाल्या, "शुक्रवारच्या टेस्टनंतर ठरवू."

तेव्हापासून अबोला. निरोपसुद्धा आत्यामार्फत.

"आत्या, त्याला सांग, प्रिंटर मोकळा झाला."

"तो तुझ्या मागे बसलाय," आत्या म्हणाली. "मी जिने चढून दमले, आणि तुम्हाला मान वळवता येत नाही?"

ताईला भावाचं म्हणणं झोंबलं होतं, कारण त्यात तथ्य होतं. तिने गुपचूप मिठागराच्या गोदामांत भारी माल वाढवला. लांब पल्ल्याच्या बंदुका, जाड चिलखतं, औषधांच्या पेट्या. कुणाला सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी टेस्ट सुरू झाली. ठिकठिकाणचे खेळाडू ऑनलाइन जमले, मॅडमही बघायला आल्या. आत्याही खेळायची, नेम यथातथाच, पण झुडपात दडून बसण्यात तिचा हात कुणी धरला नसता. एक फेरी सरावाची, दुसरी खरी.

टेस्टसाठीचा गेम खेळाडूंना सकाळीच मिळाला होता; कुणीतरी बेटावर फिरून गोदामं बघितली, आणि सरावाच्या फेरीआधीच नव्या मालाची बातमी त्यांच्यात वाऱ्यासारखी पसरली होती. ताईने पडद्यावर बघितलं तर हवाई छत्र्यांचा थवा मिठागरावर. पहिल्याच धुमश्चक्रीत अर्धे गारद! आणि मग पहिलं वर्तुळ आलं, तेही मिठागराला पोटात घेऊन.

ताईच्या लगेच लक्षात आलं. हे वर्तुळ आपोआप तिथे पडणं शक्य नव्हतं.

उरलेल्यांना हलायची गरजच राहिली नाही. माल पायाशी, वर्तुळ डोक्यावर. सगळे गोदामांत दारं धरून बसले. बेटाचा उरलेला भाग ओसाड. दक्षिणेच्या गावात उतरलेली आत्या एकटीच शेतं तुडवत चालत होती.

"अगं, मला एकही माणूस भेटला नाही!" ती खालच्या खोलीतून ओरडली. "मी खेळतेय की फिरायला आलेय?"

मॅडमनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "खरी फेरी कधी?"

"थोडा वेळ द्या," ताई आणि खारू एकदमच म्हणाले, आणि मॅडम चहा घ्यायला आत्याकडे खाली गेल्या.

ताईने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. खुर्ची वळवली.

"वर्तुळ तू तिकडे ओढलंस?"

खारूचे कान लाल झाले. "तू म्हणालीस ना, तिकडे फिरकत नाही म्हणून. मी मोजून बघितलं, खरंच होतं. पहिलं वर्तुळ पूर्णपणे बेटाच्या आत बसायला हवं, असा मीच नियम घातला होता. मोठं वर्तुळ कोपऱ्यापर्यंत पोचणार कसं? म्हणून मग त्या बाजूला कल दिला." तो थांबला. "तू माल वाढवलास हे मला काय माहीत!"

"मी तरी कुठे सांगितलं."

ताईला हसू फुटलं. खारूलाही.

"सरक," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून त्याच्या पडद्यासमोर बसली.

कोण कुठे मेलं याचे लाल ठिपके त्याने बेटावर उमटवले. मिठागरावर गोवर उठल्यासारखा लाल पुंजका, बाकी सगळं कोरं.

"तुझा कल काढून टाक," ताई म्हणाली. "नाहीतर लोक दोन दिवसांत ओळखतील आणि तिथेच मुक्काम ठोकतील."

"मग पुन्हा कोपरा उपाशी."

"वर्तुळ थोडं समुद्रावर सांडलं तर चालेल?"

खारूने डोकं खाजवलं. "चालेल की. मध्यबिंदू जमिनीवर असला म्हणजे झालं. मग कोपऱ्यालाही संधी मिळेल, पण खात्री नाही."

"खात्री नकोच. मग मी बंदुका गोदामात ठेवते, पण चिलखतं आणि औषधं काढून घेते. ती आतल्या रस्त्यावरच्या घरांत टाकते, थोडी थोडी. बंदूक हवी तर मिठागर, जगायचं असेल तर निघा."

"आणि पहिलं वर्तुळ आवळण्याआधी मी जरा जास्त वेळ देतो. चालत येणाऱ्याला पोचता आलं पाहिजे. एखादी चालती गाडी ठेवशील?"

"एकच. त्यावरूनही भांडू देत."

मॅडम वर आल्या आणि खरी फेरी सुरू झाली. बदल खेळाडूंना आधीच कळवले होते, त्यामुळे छत्र्या या वेळी पांगल्या. मिठागरावर मोजकेच उतरले. पहिलं वर्तुळ नेमकं नैऋत्येला पडलं, मिठागर बाहेर. पण तिथली मंडळी बंदुका घेऊन निघाली, वाटेतल्या घरांत चिलखतं शोधत, आणि त्याच घरांत गावाकडून आलेल्यांशी त्यांची गाठ पडली. गाडी पळवणारा पुढे गेला खरा, पण आवाजाने सगळ्यांना कळला. चकमकी आता बेटभर होत होत्या, एक संपली की दुसरी. वर्तुळ लहान होत गेलं तसे उरलेले खेळाडू एका टेकडीभोवती जमले.

आत्या शेवटच्या दहांत पोचली होती. एका घरात औषधाची पेटी दिसली म्हणून थांबली, आणि वर्तुळाची कड तिच्यावरून सरकून गेली.

"मेले!" ती वर आली तीच हसत. "हाव नडली. पण काय धमाल होती गं!"

मॅडम अजून पडद्याकडेच बघत होत्या. टेकडीवर शेवटचे दोघे एका खडकाच्या दोन बाजूंना टपून होते. एक जिंकला तेव्हा मॅडमनी नकळत टेबलावर हात आपटला.

"कोपरा राहू दे," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात मोठी टेस्ट लावू, जास्त खेळाडूंची. हा बदल कुणाला सुचला?"

"समुद्राचं हिला सुचलं," खारू म्हणाला.

"वेळेचं याला," ताई म्हणाली.

मॅडम गेल्यावर खारूने पुन्हा लाल ठिपके काढले. आता ते बेटभर विखुरले होते. पण बेटावरच्या एका पुलाजवळ गच्च पुंजका होता.

"इथे लोक फार मरतायत, ताई. तुझा माल की माझं वर्तुळ?"

"कळेल," ती म्हणाली, आणि खुर्ची आणखी जवळ ओढली.