साडेआठचा आकडा

जयमालाबाई लेकीकडे जपानात ग्योतोकुला आल्या त्या ठणठणीत. महिनाभरात डोकं धरून बसायला लागल्या. अंगात कणकण, कानशिलं ठणकतायत, केसांतून कंगवा फिरवला तरी "आई गं!" जेवणावरची वासनाच उडाली. अर्धी पोळी चावली की म्हणायच्या, "जबडा भरून येतो गं. ही कवळीच मेली धड बसत नाही." कश्मिराने कवळीलाच दोष दिला. कोण देणार नाही?

ती त्यांना स्टेशनजवळच्या क्लिनिकमध्ये घेऊन गेली. तिथले मोरिता डॉक्टर म्हातारे, सावकाश बोलणारे. रक्त काढलं, छातीचा फोटो काढला, लघवी तपासली. मग रिपोर्ट पुढे सरकवून म्हणाले, "सीआरपी साडेआठ, ईएसआर एकशे बारा. दोन्ही फार वाढलेत. शरीरात कुठेतरी मोठी सूज आहे, एवढंच हे आकडे सांगतात. कुठे आणि कशामुळे, ते नाही सांगत. छाती आणि लघवी स्वच्छ आहे, म्हणजे शोध दुसरीकडे घ्यायला हवा. चिठ्ठी देतो, उद्याच मोठ्या हॉस्पिटलात जा."

कश्मिरा वैतागली. इथले डॉक्टर शिंक आली तरी मोठ्या हॉस्पिटलात धाडतात, हे तिचं ठाम मत. शिवाय उद्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज, आणि आईला रांगेत ताटकळत ठेवायचं. म्हणून तिने तेच केलं जे परदेशातला प्रत्येक मराठी माणूस करतो. घरच्या डॉक्टरला विचारलं. पुण्याचा अंबरीष, तिचा मावसभाऊ, भला माणूस, हाताला गुण असलेला. तिने रस्त्यात चालता चालता टाइप केलं: "सीआरपी साडेआठ, ईएसआर एकशे बारा. कणकण, डोकेदुखी." बस्स. जबड्याचं लिहिलं नाही. आकड्यापुढे काय छापलंय, तेही लिहिलं नाही.

अंबरीषचा फोन लगेच आला. "अगं, सीआरपी साडेआठ म्हणजे काहीच नाही. पाच-सहापर्यंत नॉर्मलच धरतो आम्ही. व्हायरल असेल. ईएसआर? मावशीचं हिमोग्लोबिन कायमच कमी, त्यात वय. दोन्हींनी ईएसआर चढतो. उगाच घाबरवतात तुला. पॅरासिटामॉल दे आणि झोपू दे."

कश्मिराचा जीव भांड्यात पडला. चिठ्ठी पर्समध्येच राहिली.

त्या आठवड्याच्या शेवटी जयमालाबाई सकाळी उठल्या आणि म्हणाल्या, "कश्मिरा, पडदा सरकव ना गं. या बाजूला अंधार का?" पडदा सरकवलेलाच होता. उजव्या डोळ्यापुढे हात हलवला, तर पापणीसुद्धा लवली नाही.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी कानशिलावर बोट ठेवलं. तिथली शीर दोरीसारखी जाड झालेली, नाडी लागत नव्हती. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "चावताना जबडा दुखायचा का?"

कश्मिराला ती अर्धी पोळी आठवली.

मोठ्या धमन्यांना सूज आली होती, डोळ्याच्या नसेचं रक्त अडलं होतं. तपासणीसाठी शिरेचा तुकडा घ्यायचा होता, पण त्याच्या निकालाची वाट न बघता त्यांनी स्टिरॉइडचं सलाइन चालू केलं. "डावा वाचवायचाय," म्हणाल्या. उजव्याचं नावही काढलं नाही. कश्मिराने विचारलं, आधी आलो असतो तर? बाई म्हणाल्या, "नजर जायच्या आधी औषध सुरू झालं, तर बहुतेकांची वाचते."

कश्मिराने रिपोर्टचा फोटो आता कुठे अंबरीषला पाठवला. त्याचा आवाज फाटला होता. "कश्मे, हे डेसीलिटरमध्ये आहे गं, लिटरच्या दहाव्या हिश्श्यात! आपल्याकडे लिटरमध्ये मोजतात. तुमचे साडेआठ म्हणजे आमचे पंच्याऐंशी. पंच्याऐंशी ऐकलं असतं तर मी तुला त्याच पावली पळवलं असतं. मी विचारायला हवं होतं. विचारलंच नाही मी." एवढा मोठा माणूस फोनवर ढसाढसा रडला. तिला रडूही येईना. आतून नुसती जळत होती.

पुढच्या आठवड्यात सीआरपी शून्याला टेकला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, आकडा उतरला म्हणजे आग विझली, जळालेलं परत येत नाही. शिवाय औषध कमी करताना नुसत्या आकड्यावर विसंबायचं नाही, काय दुखतं ते दरवेळी विचारायचं.

कश्मिराने आईला फक्त आकडा सांगितला. त्याहून जास्त सांगायची तिची छाती झाली नाही.

जयमालाबाईंनी उजवीकडे बसलेल्या लेकीचा हात चाचपडत शोधला. "उतरला ना? मग झालं तर. रडू नकोस गं. परक्या देशात एकटी काय करणार होतीस तू? त्या दिवशी लगेच अंबरीषला विचारलंस, म्हणून एवढ्यावर निभावलं. नाहीतर दोन्ही गेले असते बघ."

कश्मिराने तोंड उघडलं. आई एका डोळ्याने तिच्याकडे मोठ्या कौतुकाने बघत होती.

"हो आई," ती म्हणाली.