नवरा चार बोटं वर

अकोल्यात कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत नबीभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. फोटो काढायला तिथे आता फारसं कोणी फिरकत नाही, लोक येतात ते फोटो जोडून घ्यायला. लग्नाला न पोचलेला दुबईचा भाऊ, नातू जन्मायच्या आधीच गेलेली आजी, असे कधी शेजारी उभे न राहिलेले लोक तिथे एका चौकटीत उभे राहतात. हे काम नबीभाईंची मुलगी शाइस्ता करते. ती ते चांगलं करते, आणि हे सांगायला ती दुसऱ्या कोणाची वाट पाहत नाही.

तिची पद्धत ठरलेली. दोन फोटो वेगवेगळ्या अंतरावरून काढलेले असले की एकातला माणूस ताडमाड दिसतो आणि दुसऱ्यातला चिमुकला. म्हणून आधी डोकी जुळवायची. मोठ्या माणसांच्या उंचीत कितीही फरक असो, हनुवटीपासून टाळूपर्यंतच्या मापात फार फरक पडत नाही. डोकी सारखी केली आणि पाय एका जमिनीवर टेकवले, की कोण उंच आणि कोण ठेंगणं ते बरंचसं कळून येतं. मग उजेड आणि सावल्या. नवराबायको असतील तर मात्र या सगळ्याच्या वर नबीभाईंचा एक नियम होता: नवरा चार बोटं वर. हा नियम त्यांना कोणी शिकवला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आजवर एकाही गिऱ्हाइकाने त्यावर कुरकुर केली नव्हती, एवढं खरं.

खुशालराव तेल्हाऱ्याहून सकाळच्या एसटीने आले. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, आणि चालणं असं की ठेंगण्या माणसाने लांब टांगा टाकाव्यात. रविवारी बायकोचं, मैनाबाईंचं वर्षश्राद्ध होतं. घरात दोघांचा मिळून एकही फोटो नव्हता.

"लग्नातलाही नाही?" शाइस्ताने विचारलं.

"नाही निघाला," ते म्हणाले आणि पिशवीतून दोन फोटो काढून काचेवर ठेवले. "हा माहा, हा तिचा. जोडीनं उभे पाह्यजेत. भिंतीवर लावाचा हाय, मोठा."

त्यांचा फोटो सत्काराचा होता. ते स्टेजवर, फोटोग्राफर खाली. खालून काढलेल्या फोटोत पाय लांब दिसतात आणि डोकं लहान, त्यामुळे खुशालराव त्यात चांगले धिप्पाड दिसत होते. मैनाबाईंचा फोटो घराच्या अंगणातला. नऊवारी, मोकळे हात, आणि खांदे पुढे घेऊन मान खाली घातलेली.

"काकाजी, उंच कोन होतं?"

"मी," खुशालराव लगेच म्हणाले. जरा जास्तच लगेच. "ती आपली लहानखुरी होती."

शाइस्ताने डोकी जुळवली, पाय टेकवले आणि संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिली. खुशालरावांच्या फोटोने त्यांना उंचीची एवढी खिरापत वाटली होती, तरी मैनाबाई वरच निघाल्या. वाकलेल्या असूनही वर.

"काकूले पाठीचा तरास होता का?" तिने सहज विचारलं.

"व्हय. वय झालं होतं," असं म्हणून ते दाराबाहेर रस्त्याकडे पाहू लागले.

शाइस्ताने मग तेच केलं जे ती नेहमी करायची. मैनाबाईंच्या फोटोचा कोपरा माउसने पकडून आत ढकलत नेला. पदर लहान झाला, हात लहान झाले, चेहरा लहान झाला, आणि त्या नवऱ्यापेक्षा चार बोटं खाली आल्या. काहीतरी खटकत होतं, ते काय हे तिला नीट ठाऊक होतं, पण समोरचा माणूस खुश होता. खुशालराव खुर्ची ओढून पडद्याजवळ आले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"आता दिसते जोडी! दामिनीले पाठव हे. माही पोरगी, अमरावतीले असते. तिनं हो म्हटलं का छाप."

त्यांनी नंबर सांगितला. फोटो गेला आणि चहा यायच्या आत फोन आला. शाइस्ताचा एक हात माउसवर होता म्हणून तिने फोन काचेवर ठेवून स्पीकर लावला. तेवढीच एक चूक झाली.

"ताई, हे बाबाच्या बाजूले कोन हाय वं?"

"तुमची आई."

"माही आई? डोकं पाह्यलं का तिचं? बाबाच्या डोक्यासमोर लिंबाएवढं दिसून राह्यलं. पोरीले नऊवारी नेसवल्यासारखं वाटते. आईले कापली काहून तुमी?"

आपल्या कामाला कोणी नावं ठेवलेली शाइस्ताला खपत नाहीत. खरं बोलली असती तर तिथेच मिटलं असतं, पण तिने कारण पुढे केलं. "त्या फोटोत वाकून उभ्या हायेत ना, पाठीच्या तरासानं. म्हनून माप जमत नाही."

"कायचा पाठीचा तरास?" दामिनी हसली. "माय माही कापसाचं गाठोडं एकटी उचलून डोक्यावर घे. बाबा जवळ असले का वाके, बाबा वावरात गेले का ताठ. तो फोटो काढला तवा बाबा समोरच बाजेवर बसून होते, म्हनून तशी उभी हाय ते."

खुशालरावांनी फोनकडे हात नेला आणि मध्येच थांबवला. शाइस्ताला फोन बंद करायचं सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

"नवी नवरी होती तवा जत्रेत कोनीतरी बाबाले म्हटलं, 'खुशाल, बायकोशी बोलाले शिडी लाव.' बाबा घरी येऊन तिले बोलले, माह्याजवळ चालशीन त वाकून चाल. मग काय, वाकली ते वाकलीच. मलेच सांगतलं तिनं, हासत हासत. म्हने, आता मान आपोआपच जाते." मग दामिनीचा आवाज एकदम बारीक झाला. "बाबा तिथंच हायेत का, ताई?"

"हो," शाइस्ता म्हणाली.

खुशालरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. एवढ्या वयाचा माणूस असा लाजेने लाल झालेला पाहणं बरं नसतं, म्हणून शाइस्ता पडद्याकडे वळली, तर तिथे तिची स्वतःची करामत उभी. बाईने जन्मभर मान खाली घालून जे केलं ते आपण एका झटक्यात उरकलं, आणि वर तिच्या पाठीला बोल लावला. तिला आपल्या बोटांचीच शरम वाटली.

"मी म्हटलं असन," खुशालराव फोनकडे तोंड करून म्हणाले. "रागात म्हटलं असन, दामिनी. मले आठवतही नाही वं."

"तिले होतं आठवत," दामिनी म्हणाली. त्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

मग तिने आपल्या फोनमधला एक फोटो पाठवला. अमरावतीच्या घराची गच्ची, शेजारी शेजारी उभ्या मायलेकी, फोटो जावयाने समोरून काढलेला. मैनाबाई ताठ होत्या. खांदे मागे, मान सरळ, आणि लेकीकडे पाहताना ओठांवर असं हसू की जरा थांबलं की मोठ्याने फुटेल. खुशालरावांनी फोन हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"हे मैनाच हाय?" ते म्हणाले.

शाइस्ताने आता नबीभाईंचा नियम बाजूला ठेवला. "ताई, तुमची उंची सांगा. अंदाजे नाही, मोजलेली."

"पोलीस भरतीले मोजली होती. एकशे बासष्ट सेंटीमीटर."

फोटोत दोघी एकाच रेषेत उभ्या होत्या, दोघींच्या पायात काही नव्हतं. लेकीच्या मापाने आई मोजता येत होती. मैनाबाई भरल्या एकशे सदुसष्ट. राहिले खुशालराव. शाइस्ताने त्यांना भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि टेप काढला. टेप डोक्याशी जाताच त्यांच्या टाचा आपसूक वर उचलल्या गेल्या. ती टेप धरून थांबली. त्यांच्या ते ध्यानात आलं, आणि टाचा हळूच खाली टेकल्या. एकशे अठ्ठावन्न.

"तुमचा स्टेजवरचा फोटो चालनार नाही काकाजी," ती म्हणाली. "तो खालून काढला हाय, हा समोरून. दोघं एका जमिनीवरचे वाटनार नाहीत. इथंच नवा काढू."

"मंग ती माह्यावर दिसन."

"दिसन."

"सारं गाव येनार हाय रविवारी."

शाइस्ताला त्यांची कीव आली, आणि कीव आली की माणूस सल्ला देतो. "तुमाले खुर्चीवर बसवू का? काकू बाजूले उभ्या. जुन्या फोटोत असंच राहे. कोनाले काही समजत नाही."

खुशालराव खुर्चीकडे पाहत राहिले. ती जुनी, कोरीव हातांची, लाल गादीची. या गल्लीत किती ठेंगण्या नवऱ्यांनी तिच्यावर बसून अब्रू राखली असेल ते नबीभाईंनाच ठाऊक. बसले असते तर सगळं निभावून गेलं असतं. त्यांनी हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला, आणि खुर्ची आपल्याच हाताने बाजूला सारली.

"तिनं माह्यासाठी लय केलं," ते म्हणाले. "आता उभाच राहतो."

शाइस्ताने मागचा कापडी पडदा सोडला. गच्चीवरच्या फोटोत ऊन डावीकडून होतं, म्हणून दिवा डावीकडे घेतला, आणि कॅमेरा जावयाने धरला होता तसा छातीच्या उंचीवर आणला. खुशालराव पायातलं काढून, टोपीशिवाय, हात खाली सोडून उभे राहिले. कॅमेऱ्यात पाहताना तिला वाटलं, हा माणूस इतका समोर बघतोय की शेजारी कोणी आहे असं वाटणारच नाही. जोडलेल्या फोटोचं हेच होतं, दोघं शेजारी असतात आणि एकटे दिसतात.

"काकाजी, थोडं काकूकडं पाहा. त्या लेकीकडं पाहून हासून राहिल्या, तुमी त्यांच्याकडं पाहा."

त्यांनी मान डावीकडे वळवली आणि खाली केली.

"तिथं नाही," ती म्हणाली. तिने टेप लावून त्या कापडी पडद्यावर मैनाबाईंच्या डोळ्यांच्या मापाला एक लाल टिकली चिकटवली. "डोळे इथं येतात त्यांचे. इथं पाहा."

खुशालरावांनी नजर उचलली. मग हनुवटी उचलली. टिकली सापडेपर्यंत मानेला जितकं वर जावं लागलं तितकं जायची त्या मानेला सवय नव्हती, हे दिसत होतं.

"एवढ्या वर?"

"हो काकाजी. एवढ्याच."

शाइस्ताचं बोट बटणावर होतं, पण तिच्याने ते दाबवेना. म्हातारा कोऱ्या पडद्यावरच्या टिकलीकडे मान वर करून पाहत होता.

"मी त खालीच पाहे तिच्याकडं," ते म्हणाले. "मले वाटे, ती तेवढीच हाय."